बारा फोटोंतून चेहरा वेगळा काढताना

घरातल्या एखाद्या माणसाच्या चेहऱ्याचं छोटं मॉडेल तयार करायचं ठरलं, की बहुतेक जण आधी लग्नाचा अल्बम उघडतात. तिथले फोटो स्वच्छ असतात, चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले असतात आणि हवे तेवढे एकाच ठिकाणी मिळतात. त्यातले बारा निवडून मॉडेल तयार केलं, तर चेहरा ओळखू येण्याइतपत जमतोही. पण मग त्याच्याकडे ‘रेनकोट घालून समुद्रकिनारी उभी असलेली आत्या’ असं चित्र मागावं, तर रेनकोटाच्या गळ्यातून पैठणीचा काठ डोकावतो, समुद्राच्या वर हॉलमधल्या दिव्यांच्या माळा लटकतात आणि आत्या त्याच कोनातून, तेच बेतानं हसू हसत आपल्याकडे पाहत असते. बाराही फोटोंत पैठणी होती, माळा होत्या आणि तेच हसू होतं. त्यामुळे हे सगळं मिळून आत्या, असं मॉडेलने धरलं.

अशा कामात संगणकाची ताकद, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, आकडेवारी यांची चर्चा फार होते. माझ्या मते निकाल ठरतो तो त्याच्या कितीतरी आधी, दोन साध्या कामांत: फोटो निवडताना आणि प्रत्येक फोटोखाली कॅप्शन लिहिताना. ही कामं दोन दिसली, तरी त्यांचा उद्देश एकच आहे. या चित्रातलं माणूस कुठलं आणि त्याच्या भोवतीचं काय, हे मॉडेलला कळेल असं सांगणं.

आधी हे छोटं मॉडेल म्हणजे काय ते पाहू. स्टेबल डिफ्यूजनसारखं चित्र काढणारं मोठं मॉडेल कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्या सोबतचा मजकूर यांवर शिकलेलं असतं. साडी, खिडकी, पाऊस, म्हातारी बाई हे सगळं त्याला ठाऊक असतं. आपली आत्या तेवढी ठाऊक नसते. 2022 च्या ऑगस्टमध्ये गुगलच्या संशोधकांनी ‘ड्रीमबूथ’ नावाची पद्धत मांडली. एखाद्या विशिष्ट माणसाचे किंवा वस्तूचे अवघे तीन ते पाच फोटो देऊन मोठ्या मॉडेलला ती ओळख शिकवता येते, हे त्यांनी दाखवलं. पण त्यात अख्खं मॉडेल बदलावं लागे. त्याआधी 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेलांसाठी ‘लोरा’ ही युक्ती काढली होती. मूळ मॉडेल जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याच्या जोडीला एक छोटी पुरवणी शिकवायची. हीच युक्ती चित्रांच्या मॉडेलांना लावली गेली आणि घरच्या संगणकावर, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल तर, एका चेहऱ्याची पुरवणी तयार करणं शक्य झालं. या लेखात मी स्टेबल डिफ्यूजनच्या एसडीएक्सएल या आवृत्तीवरची लोरा डोळ्यांपुढे ठेवली आहे.

शिकणं कसं चालतं, हे ढोबळ समजलं तरी निवडीचे सगळे नियम आपोआप सुचतात. फोटोवर मुंग्या आल्यासारखे ठिपके पसरवले जातात. मग मॉडेलला फोटोची कॅप्शन देऊन विचारलं जातं, की यातले ठिपके कोणते आणि मूळ चित्र कोणतं? उत्तर जितकं चुकेल, तितकी पुरवणी थोडीशी दुरुस्त होते. कॅप्शनमध्ये ‘हिरवी साडी’ असं लिहिलेलं असेल, तर हिरवी साडी कशी दिसते हे मूळ मॉडेलला आधीच माहीत असतं. साडीपुरती चूक कमी होते आणि त्यासाठी नवं काही शिकावं लागत नाही. ज्याचा उल्लेख कॅप्शनमध्ये नाही, पण जे फोटोत पुन्हा पुन्हा येतं, ते मात्र कुठेतरी जमा व्हायलाच हवं. ते जमा होतं आपण आत्यासाठी ठरवलेल्या खास शब्दावर. हे वाटप अगदी चोख होतं असं नाही, थोडी सरमिसळ राहतेच. पण कल हाच असतो. जे नाव घेऊन सांगितलं ते सुटं राहतं, जे न सांगता सगळीकडे येत राहिलं ते चेहऱ्याला चिकटतं.

आता एक उदाहरण पूर्ण करू. समजा, साठीच्या आसपासची एक आत्या आहे. कपाळाला मोठी लाल टिकली, डोळ्यांना काळ्या काड्यांचा चष्मा, करड्या केसांचा अंबाडा, हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ. नातवंडांसाठी एक गोष्टींचं पुस्तक करायचं आहे. त्यात आत्या कधी जहाजावर असेल, कधी जंगलात, कधी अवकाशात. तिची परवानगी आहे आणि घरच्यांच्या फोनमधून साठेक फोटो गोळा झाले आहेत.

पहिली चाळणी नको ते काढून टाकण्याची. ‘ब्युटी’ फिल्टर लावलेले फोटो आधी बाहेर, कारण फिल्टर सुरकुत्या पुसतो आणि मॉडेल ती पुसलेली त्वचाच खरी मानतं. दहा-बारा वर्षांपूर्वीचे फोटोही बाहेर. जुना आणि आताचा चेहरा एकत्र दिला, तर मॉडेल दोन्हींच्या मधला, कोणाचाच नसलेला चेहरा काढतं आणि पाहणारा म्हणतो, ‘ही आत्याची बहीण का?’ हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फी जपून घ्याव्यात. फोन इतका जवळ असला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. अशी एखादी चालेल, पण बारापैकी सात सेल्फी असतील तर आत्याचं नाक कायमचं मोठं होईल. गटाच्या फोटोतून कापून काढलेला चेहरा घेताना शेजारच्याचा खांदा किंवा हात आत उरला नाही ना, हे पाहावं. शक्य असेल तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या प्रतीऐवजी ज्याच्या फोनवर फोटो काढला त्याच्याकडची मूळ प्रत मागवावी, कारण वाटेत बारीक तपशील गेलेला असतो.

एक तपासणी सहसा कोणी करत नाही आणि ती फार मोलाची आहे. तीळ बाराही फोटोंत एकाच बाजूला आहे का? बरेच फोन समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. असे दोन-चार फोटो मिसळले, की तीळ कधी डावीकडे, कधी उजवीकडे येतो आणि मॉडेल गोंधळून दोन्हीकडे पुसटसा डाग ठेवतं. तीळ नसला तरी भांग, भुवईचा किंचित चढ, ओठांचा कल यांना बाजू असते. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि ओळख बरीचशी त्या फरकातच असते. उलटे फोटो सरळ करून घ्यावेत. शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो आपोआप उलटे करून संख्या वाढवण्याची सोय असेल, तर चेहऱ्याच्या कामात ती बंद ठेवावी.

या चाळणीतून पंचवीसेक फोटो उरले, की दुसरी निवड सुरू होते. इथे ‘सर्वांत सुंदर बारा’ असं ठरवायचं नाही. ‘एकमेकांपासून सर्वांत वेगळे बारा’ असं ठरवायचं. आत्याच्या बाबतीत वाटणी अशी करता येईल: पाच फोटो चेहरा आणि खांद्यांपर्यंतचे, चार कमरेपर्यंतचे, तीन पूर्ण उभे. जवळच्या पाचांत एक अगदी समोरून, एक डावीकडे थोडं वळलेला, एक उजवीकडे वळलेला, एक जवळजवळ कडेने आणि एक दात दिसतील असं मोकळं हसताना. हा शेवटचा विसरू नये. हसताना गाल वर जातात, डोळे बारीक होतात आणि दातांची ठेवण दिसते. ती कधी पाहिलीच नसेल, तर मॉडेल कुणाचे तरी दात आत्याच्या तोंडात बसवतं.

पूर्ण उभे फोटो तीनच का? एसडीएक्सएल साधारण 1024 पिक्सेल बाजूच्या चित्रावर काम करतं. पण आतल्या आत ते चित्र उभं आणि आडवं आठ-आठ पटींनी लहान करून घेतं. उभ्या फोटोत आत्याचा चेहरा 64 पिक्सेल रुंद असेल, तर मॉडेलच्या हाती त्याचे जेमतेम आठ चौकोन येतात. आठ चौकोनांत पापणी, तीळ, सुरकुती काही मावत नाही. म्हणजे उभे फोटो अंगकाठी, उंची, उभं राहण्याची लकब शिकवतात आणि चेहरा शिकवण्याचं काम जवळचे फोटोच करतात. बारापैकी आठ उभे दिले, तर चेहरा पुसट राहतो आणि कितीही वेळ शिकवलं तरी तो उजळत नाही.

मग कपडे, जागा आणि उजेड पाहावेत. माझा नियम सोपा आहे: कुठलीही एक साडी, एक भिंत किंवा एक प्रकारचा उजेड दोनपेक्षा जास्त फोटोंत नको. पैठणीचा एक फोटो ठेवायचा. बाकी सुती साडी, पंजाबी ड्रेस, घरातला गाऊन, थंडीतला स्वेटर. खिडकीचा मऊ उजेड, गच्चीवरचं ऊन, संध्याकाळची बाहेरची सावली, स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट. लागोपाठ काढलेल्या पाच फोटोंतला एकच घ्यायचा, कारण ते पाच मॉडेलच्या हिशेबी एकच फोटो पाच वेळा दिल्यासारखे असतात. एवढं करून बारा भरत नसतील, तर कमकुवत फोटो घालून संख्या वाढवण्यापेक्षा दुपारी आत्याला गच्चीवर नेऊन, स्वेटर घालायला सांगून दोन नवे फोटो काढलेले बरे.

उरला चष्मा आणि टिकली. आत्या चष्मा रोज लावते, पण गोष्टीत ती कधी पाण्याखाली पोहणार असेल, तर चष्मा काढता यायला हवा. त्यासाठी कॅप्शनमध्ये चष्म्याचा उल्लेख करणं पुरत नाही. बाराही फोटोंत चष्मा असेल, तर चष्म्याशिवायचे डोळे मॉडेलने कधी पाहिलेलेच नसतात आणि काड्यांच्या खुणा डोळ्यांभोवती काळ्या वर्तुळासारख्या उरतात. म्हणून सात फोटो चष्म्यासह आणि पाच चष्म्याविना, अशी निवड करावी. टिकलीचंही तसंच. ती काढता यावी असं वाटत असेल, तर निदान तीन फोटो तरी टिकलीविना हवेत.

आता कॅप्शन. प्रत्येक फोटोच्या शेजारी त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवायची असते. फोटो `05.jpg` असेल तर कॅप्शन `05.txt` मध्ये. कॅप्शन इंग्रजीत लिहावी लागते, कारण मूळ मॉडेल प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर शिकलेलं आहे. सुरुवातीला आत्यासाठी घडवलेला खास शब्द येतो. त्याला ट्रिगर शब्द म्हणतात. त्याच्यामागे ती काय आहे हे सांगणारा साधा शब्द, म्हणजे `woman`. ट्रिगर असा हवा, की ज्याला मूळ मॉडेलच्या लेखी काही अर्थ नाही. सुरुवातीच्या काळात बरेच जण `sks` वापरत. पण एसकेएस ही एक सोव्हिएत रायफल आहे, त्यामुळे काहींच्या चित्रांत माणसाच्या हातात बंदूक उगवू लागली. तेव्हा शब्द ठरवला, की शिकवण्याआधीच तो मूळ मॉडेलला देऊन चार चित्रं काढून पाहावीत. चारही भलतीच आणि एकमेकांपासून वेगळी आली, तर शब्द रिकामा आहे. चारांत एकच गोष्ट दिसली, तर दुसरा शब्द शोधावा. आत्यासाठी आपण `mjhatya` घेऊ.

खिडकीजवळच्या एका फोटोची आणि स्वयंपाकघरातल्या एकाची कॅप्शन अशी होईल:

```
mjhatya woman, head and shoulders, three-quarter view,
soft smile, wearing glasses, red bindi,
green cotton saree, window light, plain wall
```

```
mjhatya woman, from the waist up, laughing, no eye contact,
red bindi, blue salwar kameez, kitchen shelves
behind her, tube light
```

फाइलमध्ये हे सगळं एकाच ओळीत लिहायचं, इथे फक्त जागेसाठी तोडलं आहे. यात काय नाही ते पाहावं. करडे केस नाहीत, तीळ नाही, नाकाची ठेवण नाही, वय नाही. या गोष्टी आत्याच्या आहेत, त्या `mjhatya` या शब्दातच मुरायला हव्यात. कॅप्शनमध्ये ‘करडे केस’ लिहिले, तर करडेपणाचा हिशेब त्या शब्दांकडे जातो आणि पुढे ते शब्द लिहिले नाहीत तर काळ्या केसांची आत्या येऊ शकते. याउलट साडी, उजेड, भिंत, चष्मा, हसणं, फोटोचा कोन हे सगळं लिहिलं आहे, कारण ते बदलता यायला हवं. दुसऱ्या कॅप्शनमध्ये चष्म्याचा शब्दच नाही, कारण फोटोत चष्मा नाही. तिथे ‘चष्म्याविना’ असं लिहू नये. चित्रांच्या मॉडेलांना नकार नीट कळत नाही. ‘चष्मा’ हा शब्द आला, की चष्मा आठवतो. त्याच न्यायाने `no eye contact` हाही वाईट तुकडा आहे. त्याऐवजी `looking down` किंवा `looking to the side`, म्हणजे फोटोत जे खरंच दिसतं ते लिहावं. अशा तुकड्यांसाठी बाराही कॅप्शन लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचाव्यात.

आपोआप कॅप्शन लिहून देणारी साधनं आहेत आणि मसुद्यापुरती ती बरी पडतात. पण मसुदा हाताने तपासायलाच हवा. साडीला ती कधी नुसता ड्रेस म्हणतात, टिकलीकडे साफ दुर्लक्ष करतात आणि ‘म्हातारी बाई’, ‘करडे केस’ मात्र हमखास लिहून ठेवतात. म्हणजे जे लिहायचं ते सुटतं आणि जे टाळायचं ते आत येतं. नऊवारीसारखा शब्द मूळ मॉडेलला कळेलच असं नाही. तिथे `saree` लिहून रंग आणि नेसण्याची पद्धत दोन साध्या शब्दांत सांगितलेली चांगली. कॅप्शन लांबवूही नये. एसडीएक्सएल मजकूर साधारण 75 तुकड्यांपर्यंत एका घासात वाचतं, आणि वर दाखवल्यासारखी कॅप्शन त्यात आरामात बसते.

एक बारीक अडचण इथे सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे सगळी मेहनत पाण्यात जाते. कोह्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खूप वापरल्या जाणाऱ्या स्क्रिप्ट मूळ मांडणीत `.caption` अशा शेवटाच्या फाइली शोधतात. आपल्या फाइली `.txt` असतील आणि तसं सांगितलं नसेल, तर त्या वाचल्याच जात नाहीत. फोल्डरच्या नावातले शब्द सगळ्या फोटोंना लागतात आणि शिकवणं मात्र पुढे चालू राहतं. म्हणून हे आधीच लिहून द्यावं:

```
caption_extension = ".txt"
```

शिकवण्याच्या आकड्यांत फार शिरायची गरज नाही. बारा फोटो, प्रत्येक दहा वेळा, अशा दहा फेऱ्या, म्हणजे 1200 पावलं. एका चेहऱ्यासाठी ही सुरुवात ठीक आहे. प्रत्येक फेरीनंतरची प्रत वेगळी साठवायला सांगावं. शेवटची प्रत सर्वांत चांगली असतेच असं नाही. बरेचदा सहावी-सातवी फेरी चेहरा ओळखते आणि दहावी फोटो पाठ करून बसते.

कुठली प्रत घ्यायची, हे ठरवायला प्रत्येकीकडून तीच चार चित्रं काढून घ्यावीत आणि सुरुवातीचा आकडा, म्हणजे `seed`, तोच ठेवावा. तरच तुलना खरी होते.

```
mjhatya woman, portrait
mjhatya woman, yellow raincoat, on a beach
mjhatya woman, astronaut suit, laughing, side view
woman, yellow raincoat, on a beach
```

पहिलं चित्र चेहरा बसला का ते सांगतं. चेहरा नात्यातल्या दुसऱ्या कुणासारखा वाटला, तर शिकणं कमी पडलं किंवा वेगवेगळ्या वयाचे फोटो मिसळले. दुसरं चित्र कपडे आणि जागा सुट्या आहेत का ते सांगतं. रेनकोटाखाली साडी दिसली, तर आधीच्या फेरीची प्रत पाहावी. तिच्यातही तेच असेल, तर दोष फोटोंत आहे. तीच साडी किती फोटोंत आली आणि तिचं नाव कॅप्शनमध्ये आलं का, ते तपासावं. तिसरं चित्र कोन आणि हावभाव जोखतं. कडेने मागूनही आत्या समोरच पाहत राहिली, तर कडेचे फोटो कमी पडले. चौथ्या चित्रात ट्रिगर शब्दच नाही, त्यामुळे तिथे कुणीही अनोळखी बाई यायला हवी. तिथेही आत्याच आली, तर `woman` हा सगळा शब्दच आत्याने व्यापला. ड्रीमबूथच्या संशोधकांनी हा धोका तेव्हाच ओळखला होता आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी शिकवताना सोबत त्याच वर्गातली इतर चित्रंही दिली होती. गोष्टीच्या पुस्तकात हा दोष लगेच उघडा पडतो, कारण जहाजावरची प्रत्येक बाई आत्यासारखी दिसू लागते.

पाचवी चाचणी कॅप्शनचीच. खिडकीजवळच्या फोटोची कॅप्शन जशीच्या तशी देऊन चित्र मागावं. त्या फोटोसारखं चित्र आलं तर ठीक. पण तोच फोटो आला, भिंतीवरच्या डागासकट, तर ती फेरी फोटो पाठ करून बसली आहे. एक-दोन फेऱ्या मागे जावं.

या सगळ्यानंतरही काही गोष्टी मिळणार नाहीत. बारा फोटोंत जे दिसलं नाही ते मॉडेल अंदाजाने भरतं. पाठमोरा अंबाडा, मोकळे केस, रागावलेला चेहरा यांत आत्या किती आणि मॉडेलची सर्वसाधारण बाई किती, हे सांगता येत नाही. लांबून दिसणाऱ्या लहान चेहऱ्यात ओळख हरवते. तिथे चित्राचा तेवढाच भाग मोठा करून पुन्हा काढून घ्यावा लागतो. आणि ही पुरवणी ज्याच्या हातात जाईल तो आत्याला कुठल्याही चित्रात बसवू शकतो. म्हणून ती फाइल घरच्या गटावर टाकण्याची वस्तू नाही. परवानगी पुस्तकापुरती घेतली असेल, तर ती पुस्तकापुरतीच धरावी.

कॅप्शन लिहायला बसताना आत्यालाच शेजारी बसवावं, असं मी आवर्जून सांगेन. कुठल्या गोष्टी काढता येतील आणि कुठल्या तिच्या आहेत, हे आपण परस्पर ठरवत असतो, आणि तो निर्णय कॅप्शनमधल्या एकेका शब्दाने कायम होतो. तिला विचारावं, ‘आत्या, चष्मा काढलेला चालेल? आणि टिकली?’ ती म्हणाली, ‘चष्मा काढ, पण टिकलीशिवाय मी नाही,’ तर काम सोपं झालं. टिकलीविनाचे तीन फोटो काढून दुसरे घ्यायचे, बाराही कॅप्शनमधून `red bindi` खोडायचं, आणि टिकली तिच्या नावातच राहू द्यायची.